घरचा व्यवसाय आणि आगीची भीती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी ऑर्डरप्रमाणे तळणीचे पदार्थ करून देते. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर? आग विझवायचा पावडरचा सिलिंडर घेऊन ठेवलाय, तो पुरेल ना?

आधी शेगडी बंद करा, पण ज्वाळेवरून हात न्यावा लागत असेल तर तो नाद सोडा. कढईपेक्षा मोठं धातूचं झाकण किंवा परात आपल्यासमोर आडवी धरून, आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवा. काचेचं झाकण तडकतं, ते नको. ज्वाळा दिसेनाशी झाली की झाकण उचलून बघावंसं वाटतं, आणि तिथेच घात होतो. तेल अजून आपोआप पेटण्याइतकं तापलेलं असतं. हवा मिळाली की पुन्हा भडकतं. निदान अर्धा तास हात लावू नका आणि पेटती कढई उचलून नेऊ नका. पाणी तर घोटभरही नको. ते तेलाखाली जातं, वाफ होऊन सुमारे 1700 पट फुगतं आणि पेटतं तेल चौफेर उडवतं.

तुमचा सिलिंडर कापड-कागदाच्या आगीला चांगला. खोल तेलावर जवळून मारलात तर त्याच्या जोराने तेल उडू शकतं, शिवाय पावडरने तेल थंड होत नाही. म्हणून झाकण हाताशी ठेवा. फायर ब्लँकेट, म्हणजे आग झाकायचं न पेटणारं कापड, मात्र शेगडीच्या वर न टांगता दाराकडच्या भिंतीवर लावा, नाहीतर ते काढायला ज्वाळांत हात घालावा लागेल. आणि तेलातून धूर यायला लागला की गॅस बंद करायचा, घाण्याची घाई असली तरी.

प्रश्न: इस्त्री, दोन शिलाई मशीन आणि पंखा एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत. प्लग थोडा गरम लागतो. चालेल का?

नाही. बोर्डवर 6 अँपिअर लिहिलं असेल आणि वीज 230 व्होल्टची असेल, तर त्याला 1380 वॉटपर्यंतचाच भार झेपतो. वाफेची इस्त्री एकटीच 2000 वॉटची असू शकते. मशीन आणि पंख्याचा भार त्यापुढे किरकोळ. भिंतीतला एमसीबी घरच्या जाड वायरिंगच्या हिशेबाने बसवलेला असेल, तर बोर्डची बारीक वायर वितळेपर्यंत तो पडणारही नाही. त्यामुळे ‘एमसीबी पडत नाही म्हणजे ठीक आहे’ हे समाधान खोटं.

इस्त्री थेट भिंतीतल्या 16 अँपिअरच्या सॉकेटला लावा. त्यानंतरही प्लग तापला किंवा पिनांजवळ तपकिरी डाग दिसला, तर सॉकेट सैल झालंय. ते बदलून घ्या. जास्तीची वायर गुंडाळून कापडाच्या गठ्ठ्याखाली सारू नका, तिची उष्णता आतच कोंडते.

प्रश्न: तयार मालाचे खोके दाराजवळच्या पॅसेजमध्ये ठेवते. दुसरीकडे जागाच नाही.

मग माल कमी ठेवा. फ्लॅटला बाहेर पडायला बहुधा एकच दार असतं, आणि पेटलेल्या खोक्यांचा धूर नेमकी तीच वाट अडवतो. खोके दारापासून सगळ्यात लांबच्या खोलीत आणि शेगडीपासून दूर रचा.