उन्हाने करपलेली कुंडीतली जास्वंद

प्रश्न: लग्नासाठी गावी गेलो होतो, परत आल्यावर गच्चीवरची जास्वंद पार करपलेली. कुंडी १२ इंची, प्लास्टिकची. सगळी पानं काढून टाकून भरपूर पाणी घालू का? (सिडको, नाशिक)

दोन्ही नको, निदान आज तरी. आधी कुंडी उचलून अशा जागी ठेवा जिथं सकाळचं कोवळं ऊन येतं, पण दुपारचं येत नाही. पूर्वेची गॅलरी उत्तम. घरात अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र नेऊ नका. कुंडी हलत नसेल तर पश्चिमेच्या बाजूने आणि वरून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा.

मग झाड कुठवर जिवंत आहे ते बघा. करपलेल्या पानाला बोटाने हलकेच ढकला. देठासकट गळून पडलं, तर ती चांगली खूण आहे, कारण पान टाकून द्यायला फांदीत जीव लागतो. कुरकुरीत पान फांदीला चिकटूनच राहत असेल, तर तो शेंडा बहुधा मेला आहे. खात्रीसाठी नखाने साल जरा खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर मेलेलं. शेंड्याकडून खाली येत जा, हिरवं जिथं लागेल तिथं दोरा बांधून ठेवा. मातीलगतच्या खोडापर्यंत सगळं तपकिरीच निघालं, तर मात्र पुढचे कष्ट घेऊ नका.

आता पाणी. इतकी सुकलेली माती आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. कोकोपीट जास्त असेल तर पाणी शोषतच नाही. वरून बादली ओतली की पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून वाहतं आणि आपल्याला वाटतं माती भिजली. मधला मुळांचा गड्डा कोरडाच असतो. म्हणून टबात दोन-तीन इंच पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा तास ठेवा. वरची माती ओलसर दिसू लागली की बाहेर काढा आणि तळातलं पाणी पूर्ण निथळू द्या. टब नसेल तर एक मग पाणी घाला, दहा मिनिटं थांबा, पुन्हा एक मग, असं तळातून थेंब येईपर्यंत. हे सकाळीच करा. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळीने येणारं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं.

यानंतर बहुतेक जण घाई करतात आणि तिथंच झाड जातं. पाणी ओढतात ती बारीक पांढरी मुळं, आणि उन्हात पहिली तीच मरतात. वर पानंही उरलेली नाहीत, त्यामुळे झाडाला पूर्वीइतकं पाणी लागतच नाही. तरी जुन्याच मापाने घालत राहिलं की माती चिकचिकीत राहते आणि मेलेली मुळं कुजतात. बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच अर्धा लिटर द्या. नवे कोंब फुगले की एक लिटरवर या, पानं भरली की तळातून निथळेपर्यंत. माती ओली असूनही कोवळे शेंडे माना टाकत असतील, मातीला कुबट वास येत असेल, तर मुळं कुजायला लागली आहेत. तेव्हा पाणी थांबवा.

छाटणीचं सांगायचं तर, पूर्ण वाळलेली आणि हात लावताच पडणारी पानं काढा. अर्धी हिरवी असलेली ठेवा. कितीही भिकार दिसली तरी झाडाचं अन्न सध्या तीच बनवताहेत. फांद्यांना नवे कोंब दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, सिकेटर लावू नका. फांदी वरून खाली कुठवर वाळत जाणार हे आज कळत नाही, आणि छाटल्यावर फुटणारे कोवळे कोंब चाळीसच्या उन्हात पुन्हा करपतील. आपल्याकडे द्राक्षबागेत खरड छाटणी ऐन एप्रिलमध्येच होते, हे खरं. पण त्या वेलीला जाड ओलांडे, खोल मुळं आणि ठिबक असतं, तुमच्या कुंडीला यातलं काही नाही. कोंब आले की स्पिरिटने पुसलेल्या सिकेटरने, बाहेरच्या दिशेला असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या. कापात पांढरट हिरवं लाकूड दिसायला हवं; तपकिरी दिसलं तर आणखी खाली कापा.

माझ्या बहिणीच्या जास्वंदीचंही मागच्या मे महिन्यात असंच झालं होतं. भिंतीकडची फांदी तगली, पश्चिमेकडच्या दोन अर्ध्यापर्यंत वाळल्या. दोरा बांधला होता त्याच्याही चार बोटं खालून कोंब फुटले. लगेच छाटलं असतं तर काप मरणाऱ्या लाकडातच पडला असता.

खत मात्र कुठलंच नको, डीएपी नाही की शेंगदाणा पेंडेचं पाणीही नाही. खतातले क्षार उरल्यासुरल्या मुळांनाही जाळतात. नवी पानं नेहमीच्या आकाराची झाली की मूठभर गांडूळखत पुरे. परत गच्चीवर नेताना आधी सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू जास्त. पावसाळी ढग आले की सरळ ठेवून द्या.