वॉरंटीचं पत्र आलंय, पण क्लेम नेमका करायचा कसा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

तैवान, चीन, जपानहून व्हीएमसी, लेथ, लेझर मागवलेल्या वर्कशॉपवाल्यांकडून या वेळी बरेच प्रश्न आलेत आणि जवळजवळ सगळे मेकरकडून आलेल्या पत्राबद्दलच आहेत. त्यातले पाच घेतोय, स्पिंडलवालं उत्तर जरा लांब आहे कारण तिथेच जास्त पैसे अडकतात.

प्रश्न : तैवानची व्हीएमसी बसवून दहा महिनेसुद्धा झाले नाहीत. 3 जुलै 2025 ला टूल चेंजरचा आर्म अडकला. एजंट म्हणतो 12 महिने असले तरी वॉरंटी संपली, मेकरचं पत्र तसंच आहे. हे कसं काय? (भोसरी)

पत्रातलं ते पूर्ण वाक्य परत वाचा. बहुतेक वेळा तिथे असतं की इन्स्टॉलेशनपासून 12 महिने किंवा शिपमेंटपासून 18 महिने, यातलं जे आधी संपेल ते. हे शेवटचे चार शब्दच सगळ्यांच्या नजरेतून सुटतात. तुम्ही पाठवलेल्या कागदांत बिल ऑफ लेडिंग 10 जानेवारी 2024 चं आहे आणि इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही 20 सप्टेंबर 2024 ची, म्हणजे मधले आठ महिने मशीन आधी प्रवासात आणि मग शेडमध्ये वीज कनेक्शनची वाट बघत पडून होती. इन्स्टॉलेशनचे 12 महिने सप्टेंबर 2025 पर्यंत जातात, पण शिपमेंटचे 18 महिने 9 जुलै 2025 लाच संपतात. तुमची वॉरंटी 9 जुलैपर्यंतच होती, 12 महिन्यांचा हिशोब इथे लागतच नाही.

पण तुमचा बिघाड 3 जुलैचा आहे ना, म्हणजे मुदतीच्या आतला. एजंटला त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला असेल तर तो मेसेज, तारीख-वेळेसकट, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि मेकरच्या सर्व्हिस ईमेलवर आजच लेखी क्लेम टाका, मशीनचा सिरीयल नंबर, अलार्म नंबर आणि तो चॅट जोडून. बऱ्याच पत्रांत लेखी नोटीस सात किंवा दहा दिवसांत द्यायची अट असते आणि एजंटशी झालेलं फोनवरचं बोलणं ते नोटीस धरत नाहीत. तुमच्या पत्रात नोटीसचा पत्ता कोणता दिलाय तेही बघा, कारण मेल तैवानच्या ऑफिसला जायला हवा असताना लोक मुंबईच्या सेल्सवाल्याला पाठवतात आणि तो पुढे पाठवत नाही.

प्रश्न : 12,000 आरपीएमच्या स्पिंडलमधून आवाज यायला लागला, कंपनीने स्पिंडल मागवून घेतला आणि आता पत्र आलंय की "एक्स्टर्नल इम्पॅक्ट", क्लेम नाकारला. ऑपरेटर सांगतो धडक झालीच नाही. आता काय करू? (शिरोली, कोल्हापूर)

पत्राला सगळ्यात आधी एकच उत्तर पाठवा, टेअर-डाऊन रिपोर्ट द्या, बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या रेसचे फोटो आणि टेपरची रनआऊट रीडिंग जोडून. नुसतं इम्पॅक्ट लिहून भागत नाही, रेसवर कारण दिसतं आणि ते आपल्यालाही वाचता येतं. जोरात धडक बसली असेल तर रेसवर बॉलच्या अंतराने सारख्या-सारख्या जागी खळगे पडलेले दिसतात, कारण स्पिंडल त्या क्षणी जिथे होता तिथेच बॉल रेसमध्ये रुतले. हे दिसलं तर मात्र ऑपरेटरशी परत बोला, कारण रॅपिडमध्ये टूल व्हाइसला लागून मशीन अलार्मला थांबली की पोरं घाबरून रीसेट मारतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्याऐवजी ग्रीस दुधाळ झालेलं, रेसवर गंज असं काही असेल तर ते कूलंट किंवा ओलावा आत गेल्याचं लक्षण. निळसर-तपकिरी रंग चढला असेल तर उष्णता, म्हणजे प्रीलोड किंवा लुब्रिकेशनचा विषय. आणि एकाच बाजूला पत्रे सुटल्यासारखी झीज असेल तर असेंब्ली किंवा बेअरिंगच्या दोषावर बोट ठेवता येतं, तिथे तुमचा क्लेम तगडा होतो.

यातलं कूलंटचं प्रकरण नीट समजून घ्या कारण इम्पॅक्टवर वाद झाला की कंपनी पुढचं कलम तेच काढते. स्पिंडलच्या तोंडाशी एअर पर्ज असतो, आतून हवेचा हलका दाब बाहेर ढकलत राहतो म्हणून कूलंटचे थेंब आत शिरत नाहीत. आपल्याकडे संध्याकाळी कॉम्प्रेसर आधी बंद होतो आणि कूलंट अजून टेबलावर निथळत असतो, किंवा पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलेलं नसतं आणि एफआरएलच्या बाऊलमध्ये पाणी साचून तेच पर्जमधून स्पिंडलमध्ये जातं. एअर गनने थेट स्पिंडलच्या तोंडावर फुंकर मारायची सवयही तशीच घातक. मेकरच्या पत्रात "ड्राय, फिल्टर्ड एअर" असं लिहिलेलं असतं ते याचसाठी, आणि एअर ड्रायर नसेल तर हा मुद्दा तुमच्या विरोधात जाऊ शकतो. ड्रायर असेल तर त्याचं बिल आणि फिल्टर बदलल्याच्या तारखा क्लेमसोबत जोडा.

पुढच्या वेळेसाठी, किंवा ज्यांचा स्पिंडल अजून मशीनवरच आहे त्यांच्यासाठी, काढायच्या आधीचं काम महत्त्वाचं आहे. टेस्ट बार लावून डायलने नाकाजवळ आणि 300 मिमीवर रनआऊट घ्या आणि मशीनसोबत आलेल्या टेस्ट चार्टशी ताडून बघा. आवाजाचा व्हिडिओ वेगवेगळ्या आरपीएमला घ्या, कमी, मधला, जास्त. फानुक कंट्रोल असेल तर `MESSAGE` दाबून `HISTRY` मधल्या अलार्मचे फोटो लगेच काढून ठेवा, कारण ती यादी मर्यादित असते आणि नवे अलार्म आले की जुने पुसले जातात. सिरीयल प्लेटचा फोटो हवाच. आणि स्थानिक फिटरकडून स्पिंडल उघडून बघायचा मोह कटाक्षाने टाळा, सील तुटलं की "अनऑथोराइज्ड डिसअसेंब्ली" हे दुसरं कलम लागू होतं आणि मग धडक झाली होती की नाही हा प्रश्नच राहत नाही.

रिपोर्ट आलाच नाही किंवा फोटोत खळगे नाहीत तरी ते इम्पॅक्ट म्हणतायत, तर लेखी कळवा की जॉइंट इन्स्पेक्शन हवंय, तोवर स्पिंडल स्क्रॅप करू नका. हे एक वाक्य पत्रात असू द्या, कारण पार्ट स्क्रॅप झाल्यावर पुरावाच संपतो.

प्रश्न : मेकर म्हणतो पार्ट फ्री देतोय, पण विमानतळावर कस्टम्सने पैसे मागितले. फ्री पार्टवर ड्युटी कशी? (अंबड, नाशिक)

फ्री म्हणजे मेकर तुमच्याकडून किंमत घेत नाही एवढंच, कस्टम्सच्या दृष्टीने वस्तूला किंमत असतेच आणि ती 2007 च्या व्हॅल्युएशन नियमांनुसार धरली जाते. पत्रात बघा "पार्ट्स ओन्ली, एक्स-वर्क्स" लिहिलंय का. तसं असेल तर कारखान्याच्या दारापासून पुढचं भाडं, विमा, ड्युटी, क्लिअरिंग सगळं तुमच्या डोक्यावर.

एक हिशोब धरू. पार्टची किंमत अडीच लाख, भाडं आणि विमा 50 हजार, म्हणजे 3 लाख. बेसिक ड्युटी साडेसात टक्के धरली तर 22,500, त्यावर दहा टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज 2,250, आणि या सगळ्याच्या बेरजेवर म्हणजे 3,24,750 वर 18 टक्के आयजीएसटी 58,455. कस्टम्सला एकूण 83,205 भरायचे. पण आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे ड्युटीपोटी खरा खर्च 24,750 आणि वर भाडं-विमा. तुमच्या पार्टचा दर एचएसएनप्रमाणे वेगळा असू शकतो, तो कस्टम हाऊस एजंटकडून आधीच विचारून घ्या. बिल ऑफ एंट्रीवर तुमचा जीएसटीआयएन बरोबर पडलाय ना हे तेव्हाच बघा, नाहीतर क्रेडिट अडकतं.

काहीजण मेकरला सांगतात इनव्हॉइसवर एक डॉलर लिहा. असं करू नका. मालाची किंमत कस्टम्स मान्य करत नाही, खेप थांबते, मशीन मात्र बंद असते. इनव्हॉइसवर खरी किंमत आणि "फ्री ऑफ कॉस्ट वॉरंटी रिप्लेसमेंट, व्हॅल्यू फॉर कस्टम्स पर्पज ओन्ली" एवढं लिहून घ्या.

खराब पार्ट परत पाठवायची मुदतही बघा, अनेक पत्रांत 30 दिवस असते आणि ती गेली तर नव्या पार्टचं पूर्ण बिल येतं. तोच पार्ट रिपेअर होऊन तुमच्याकडे परत येणार असेल तर जाताना शिपिंग बिलवर रिपेअरसाठी असं स्पष्ट लिहून आणि सिरीयल नंबर टाकूनच पाठवा, कारण 45/2017 च्या नोटिफिकेशननुसार परत येताना ड्युटी पूर्ण किमतीवर न लागता रिपेअरचा खर्च आणि दोन्हीकडचं भाडं-विमा यावरच लागते, पण ती वस्तू तीच आहे हे पटवता आलं पाहिजे.

प्रश्न : सर्वो ड्राइव्ह जळला, पत्रात "पॉवर फ्लक्च्युएशन" लिहून हात वर केले. आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे. (इचलकरंजी)

नुसता स्टॅबिलायझर असणं पुरेसं नाही, त्याची किलोव्होल्ट-अँपिअर क्षमता मशीनच्या नेमप्लेटशी जुळते का ते बघा. तैवानच्या मशिनींना बहुतेकदा 220 व्होल्ट लागतात म्हणून मध्ये 415 वरून उतरवणारा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरनंतरचं रीडिंगही द्या. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर इंजिनिअरने व्होल्टेज आणि अर्थिंगची नोंद करून सही केलेली असते, ती प्रत शोधा, कारण तिथे त्यांच्याच माणसाने सप्लाय ठीक असल्याचं लिहिलेलं असेल तर त्यांचा दावा बराच ढिला पडतो. आणि ड्राइव्हवरचा अलार्म नंबर काय होता? ओव्हरव्होल्टेज किंवा अंडरव्होल्टेजचा अलार्म हिस्ट्रीत नसेल तर तेही लेखी मांडा.

प्रश्न : मी ग्राहक मंचात जाऊ का? पत्रात तर ताइचुंगचं कोर्ट लिहिलंय. (सातारा)

वर्कशॉपसाठी घेतलेल्या मशीनला ग्राहक आयोगात अडचण येते. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात, जे सीएनसी मशीनचंच होतं, व्यावसायिक उद्देशाने घेतलेली मशीन म्हणून खरेदीदाराला ग्राहक मानलं नाही. स्वतः मशीन चालवून फक्त पोट भरण्यासाठी घेतली असेल तर 2019 च्या कायद्यातही सूट आहे, पण तुमच्याकडे दोन शिफ्टमध्ये सहा ऑपरेटर आहेत म्हणता, तिथे ती टिकणं कठीण. 3 लाखांच्या वरच्या व्यावसायिक वादासाठी कमर्शियल कोर्टाचा रस्ता आहे, तिथे तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते. मात्र पत्रात परदेशी कोर्ट किंवा लवादाचं कलम असेल तर ते पत्र आणि पर्चेस ऑर्डर दोन्ही वकिलाला दाखवल्याशिवाय पाऊल टाकू नका.

एक गोष्ट मात्र वकिलाला आवर्जून विचारा. भारतीय करार कायद्याच्या 230 व्या कलमात असं गृहीतक आहे की परदेशातल्या व्यापाऱ्यासाठी मालाच्या विक्रीचा करार एजंटने केला असेल तर वेगळं ठरलेलं नसल्यास तो एजंट स्वतः बांधील असतो. म्हणून "आम्ही फक्त एजंट, मेकरला विचारा" असं तुमचा एजंट म्हणत असेल तर ऑर्डर अॅक्सेप्टन्सवर कुणाचा शिक्का आणि कुणाची सही आहे, अॅडव्हान्सचे पैसे कुणाच्या खात्यात गेले, आणि "ऑन बिहाफ ऑफ" असे शब्द आहेत की नाहीत, हे तिन्ही कागद काढून बसा.