कर-अर्ज ‘मंजूर’ दिसतो, तरीही ३० टक्के कपात का?

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. मी चाळीसगावची. आपल्या खान्देशी स्वयंपाकाचे अहिराणीतले व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकते. अमेरिकेतला कराचा अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये गावातल्या सायबर कॅफेवाल्या भाऊंनी भरून दिला. त्यावर ‘मंजूर’ असे दिसते. पण जुलै २०२५ च्या ६२० डॉलर कमाईतून अमेरिकेचा कर म्हणून २७ डॉलर कापले गेले. पॅन कार्डावर माझे माहेरचे नाव आहे. आधार, बँक खाते आणि कमाईचे खाते सासरच्या नावाने आहे. ‘नाव जुळत नाही म्हणून कर जास्त कापतात, खाते तुमच्या मालकांच्या नावाने करून घ्या,’ असे आता ते भाऊ सांगतात. माझा अर्ज खरोखर स्वीकारला गेला आहे की दुरुस्त करावा लागेल? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, तुमचा अर्ज स्वीकारला गेला आहे, आणि तरीही तो बहुधा दुरुस्त करावा लागणार आहे. अर्ज मंजूर होणे म्हणजे तुम्ही कोण आहात आणि अमेरिकेच्या रहिवासी नाहीत हे गूगलने मान्य करणे, एवढेच. भारत आणि अमेरिका यांच्यातील करारानुसार कमी दराने कर लावावा अशी मागणी त्याच अर्जात वेगळ्या भागात करावी लागते. ती केली नसेल तरी अर्ज मंजूर होतो, मात्र कर पूर्ण दराने कापला जातो. तुमच्या बाबतीत हेच घडले असावे.

हे तुम्हाला स्वतः पडताळता येईल. अमेरिकेचा कर तुमच्या सगळ्या कमाईवर लागत नाही. अमेरिकेतील प्रेक्षकांनी पाहिल्यामुळे जी कमाई झाली, तेवढ्यावरच तो लागतो. त्यामुळे यूट्यूब स्टुडिओच्या विश्लेषणात जुलै महिना निवडा आणि देशनिहाय कमाईत अमेरिकेसमोरचा आकडा पाहा. समजा तो ९० डॉलर आहे. कापलेले २७ डॉलर हे ९० चे बरोबर ३० टक्के होतात. करार लागू झाला असता, तर १५ टक्क्यांनी १३ डॉलर ५० सेंट कापले गेले असते. अर्ज मुळीच पोहोचला नसता, तर वैयक्तिक खात्याच्या जगभरातील संपूर्ण कमाईवर २४ टक्के, म्हणजे ६२० डॉलरवर १४८ डॉलर ८० सेंट गेले असते. तुमची कपात या तिसऱ्या प्रकारात बसत नाही, म्हणून अर्ज पोहोचलेला आहे याविषयी शंका उरत नाही. देशनिहाय आकडा काही सेंटांनी पुढेमागे होऊ शकतो, पण १५ आणि ३० यांतला फरक त्यात लपत नाही. जुलैची अंतिम कमाई ऑगस्टच्या ७ ते १२ तारखांच्या दरम्यान खात्यावर नोंदली जाते. हिशेब त्यानंतरच करावा. महिना चालू असताना दिसणारे आकडे अंदाजे असतात.

यानंतर अर्जाचे पान स्वतः उघडा. ‘AdSense for YouTube’ या तुमच्या कमाईच्या खात्यात `Payments`, तेथून `Payments info`, मग `Manage settings` येथे जा. `United States tax info` या ओळीशेजारील पेन्सिलीच्या खुणेवर आणि पुढे `Manage tax info` वर टिचकी मारा. येथे अर्जाचा नमुना आणि त्याची स्थिती दिसते. अमेरिकेबाहेरील व्यक्तीसाठी तो नमुना `W-8BEN` असला पाहिजे. स्थितीसोबत कपातीचे दरही दिलेले असतात, आणि बहुतेक जण ‘मंजूर’ हा शब्द वाचून समाधानाने पान बंद करतात, दरांपर्यंत जातच नाहीत. यूट्यूबची कमाई अमेरिकी कर-कायद्याच्या दृष्टीने स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी समजली जाते. म्हणून ‘इतर कॉपीराइट रॉयल्टी’ या प्रकारासमोर कोणता दर आहे ते पाहा. तेथे ३० टक्के असल्यास कराराची मागणी झालेली नाही किंवा ती ग्राह्य धरलेली नाही. १५ टक्के असल्यास ती लागू आहे.

आता नावाविषयी. सायबर कॅफेवाल्या भाऊंनी सांगितलेले कारण तुमच्या कपातीला लागू पडत नाही. नावावरून हरकत असती, तर अर्ज मंजूर न होता तपासणीत अडकला असता किंवा ओळखीची कागदपत्रे मागितली गेली असती. अर्ज मंजूर होऊन ३० टक्के कपात होते, याची कारणे साधारण दोन असतात. कराराबाबतच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर गेलेले असते, किंवा परदेशी कर-क्रमांकाचा रकाना रिकामा असतो. दुसरे कारण गावोगावी फार आढळते, कारण त्या रकान्यात आपला पॅन लिहायचा असतो हे अर्ज भरणाऱ्याला ठाऊक नसते. करारातील कमी दर मागणाऱ्याने कर-क्रमांक देणे आवश्यक आहे. पॅन द्या, म्हणजे ही अट पूर्ण होते.

कमाई यजमानांच्या नावे वळवण्याचा सल्ला मात्र मुळीच मानू नका. व्हिडिओ तुमचे, मेहनत तुमची, म्हणून उत्पन्नही तुमचेच आहे. `W-8BEN` मध्ये उत्पन्नाचा खरा मालक कोण हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून जाहीर करायचे असते. तेथे दुसऱ्याचे नाव घातले तर एक साधी चूक दुरुस्त करताना एक खोटे निवेदन तयार होईल. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही, आणि पॅनवर माहेरचे नाव राहिले म्हणून तो पॅन निरुपयोगी ठरत नाही. तरीही पॅन, आधार, बँक आणि कमाईचे खाते यांवर एकच नाव असणे तुमच्या सोयीचे आहे. विवाह नोंदणीचा दाखला जोडून पॅनवरील नावाच्या दुरुस्तीचा अर्ज करा. पॅनचा क्रमांक बदलत नाही, म्हणून अमेरिकी अर्जाची दुरुस्ती त्यासाठी थांबवू नका.

दुरुस्ती त्याच पानावर नवा अर्ज भरून होते. मंजूर झालेला जुना अर्ज खोडता येत नाही, नवा अर्ज त्याची जागा घेतो. नाव कमाईच्या खात्यावर आहे तेच, म्हणजे आधारवरील पूर्ण नाव लिहा. चॅनलचे नाव तेथे लिहू नये. कायमच्या पत्त्यात टपालपेटीचा क्रमांक चालत नाही. परदेशी कर-क्रमांकात पॅन घाला. कराराचा प्रश्न आला की ‘होय’ निवडा, देश म्हणून भारत निवडा, आणि ‘इतर कॉपीराइट रॉयल्टी’ या प्रकारापुढे कराराचे कलम १२ व १५ टक्के हा दर निवडा. हा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी झाला आणि १८ डिसेंबर १९९० पासून अमलात आहे. यूट्यूबने दिलेली ती सवलत नसून कायद्याने मिळालेला तुमचा हक्क आहे. अमेरिकेत प्रत्यक्ष काम केले का, याचे तुमचे उत्तर ‘नाही’ आहे, कारण तुमची चूल चाळीसगावातच आहे. सही तुम्ही स्वतः करा. पाठवण्यापूर्वी दिसणारी अर्जाची प्रत ओळ न् ओळ वाचून फोनमध्ये जपून ठेवा.

या अर्जात एक जागा अशी आहे की तेथील उत्तरावर तुमचे आधीचे पैसे अवलंबून आहेत. पूर्वी पैसे मिळाले असल्यास, तेव्हाही तुमची परिस्थिती हीच होती का, हे विचारणारे शपथपत्र शेवटी येते. तुम्ही सुरुवातीपासून भारतातच राहत असल्याने ‘परिस्थिती बदललेली नाही’ हे खरे उत्तर आहे. तेच द्या. त्यामुळे चालू कॅलेंडर वर्षात जादा कापलेली रक्कम गूगलकडून खात्यावर परत जमा होण्याचा मार्ग मोकळा राहतो. कपातीचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे मोजले जाते, म्हणून डिसेंबरची वाट न पाहता लगेच अर्ज करा. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जादा गेलेले पैसे गूगल परत करणार नाही. ते अमेरिकेच्या कर खात्याकडे `1040-NR` हे विवरणपत्र भरून मागावे लागतात आणि त्यासाठी तेथील कर-क्रमांकही घ्यावा लागतो. दोन महिन्यांचे जादा कापलेले पैसे जुलैच्या मानाने पंचवीस-तीस डॉलरच्या आसपास असतील. तेवढ्यासाठी हा खर्च आणि खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘कापलेला कर आपल्याकडच्या आयकरात वळता होतो, मग काळजी कशाला’ असे कुणी सांगितले, तर ते अर्धेच खरे आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंतच्या उत्पन्नासाठी आयकर कायदा १९६१ च्या कलम ९० आणि नियम १२८ नुसार परदेशी कराचे श्रेय मिळते, पण करारातील दरापेक्षा जास्त कापलेला भाग त्यातून वगळला जातो. म्हणजे वरच्या उदाहरणात २७ डॉलरमधील १३ डॉलर ५० सेंट भारतातही वळते होणार नाहीत. शिवाय श्रेय त्या उत्पन्नावर भारतात लागणाऱ्या करापुरतेच मिळते. दरमहा ६२० डॉलर धरले तरी वर्षाचे ७,४४० डॉलर होतात. तुमचे दुसरे मोठे उत्पन्न नसल्यास, नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मिळणाऱ्या सवलतीमुळे तुमचा भारतातील कर शून्य येईल, आणि शून्य करातून काहीच वळते करता येणार नाही. तुमच्यासाठी अमेरिकेत कापलेला पैसा हा गेलेलाच पैसा आहे, म्हणून तो १५ टक्क्यांवर आणणे अधिकच गरजेचे ठरते.

कर शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर जात असल्याने विवरणपत्र भरावे लागेल, आणि त्यात बँकेत जमा झालेली रक्कम न दाखवता कपातीपूर्वीची संपूर्ण कमाई दाखवावी लागेल. पुढे कमाई वाढून कर लागू लागला, तर श्रेयासाठी वेगळा नमुना भरावा लागतो, २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत तो नमुना ६७ होता; परदेशी कराचे श्रेय घेणाऱ्याला आयटीआर-४ हा विवरणपत्राचा नमुना चालत नाही. कॅफेत सवयीने तोच भरून देतात, तेव्हा लक्ष ठेवा.

नवा अर्ज मंजूर झाल्यावर दरांच्या रकान्यात १५ टक्के दिसतात का ते पाहा, आणि त्यानंतरच्या पहिल्या कपातीला अमेरिकेतील कमाईने भागून पुन्हा एकदा ताळा करा. वर्ष सरल्यावर साधारण मार्च-एप्रिलमध्ये कर-कागदपत्रांत `1042-S` हा दाखला येतो. त्यातील रकाना २ मध्ये अमेरिकेतील कमाई, ३ब मध्ये दर आणि ७अ मध्ये कापलेला कर असतो. तोही तपासून जपून ठेवा. २०२५ मध्ये सही केलेला अर्ज ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत चालतो, त्याआधी नवा भरावा लागेल. मधल्या काळात भारताबाहेर राहायला गेलात किंवा अर्जातील दुसरी एखादी बाब चुकीची ठरली, तर ३० दिवसांच्या आत नवा अर्ज देणे तुमच्यावर बंधनकारक राहील.