टॉयलेटच्या पिवळ्या डागांसाठी ॲसिडवालं क्लीनर की ब्लीचवालं?

प्रश्न: सिडकोत भाड्याने राहतोय, टॉयलेट एकदम छोटं, ४ बाय ३ असेल, वर एक जाळीची खिडकी. भांड्याला पिवळट तपकिरी थर बसलाय. ब्लीच दोनदा टाकून बघितलं, काही फरक नाही. ॲसिडवालं घेऊ का? आणि दोन्ही मिळून टाकलं तर पटकन निघेल का?

उत्तर:

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. दोन्ही मिळून अजिबात नाही, आणि एकामागोमाग एकसुद्धा नाही. का ते खाली सांगतो. मी अंबडला पाणी शुद्ध करायच्या कामात बरीच वर्षं आहे, रोज हायपोचे, म्हणजे ब्लीचमधल्याच रसायनाचे, कॅन हाताळतो, त्यामुळे हे ऐकीव नाही.

आता डाग. तुमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी मिक्स होत असणार, बहुतेक सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात होतंच. आपल्याकडे खाली सगळा काळा कातळ, त्यातून आलेल्या पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम भरपूर. जे पाणी बादलीच्या कडेला पांढरं कवच धरतं, गिझरची कॉइल खाऊन टाकतं, तेच भांड्यात पाण्याच्या रेषेवर सुकत सुकत थर बसवतं. म्हणजे तुमचा डाग हा मुळात चुना आहे, त्यात लघवीतले क्षार आणि थोडं लोखंड शिरलं की तो पिवळा तपकिरी होतो. ब्लीच काय करतं, तर रंग उडवतं आणि जंतू मारतं, चुना विरघळवणं हे त्याचं कामच नाही. म्हणून तुम्ही दोनदा टाकलं तरी थर तिथेच. डागात लोखंड जास्त असेल तर ब्लीचने तो उलट अजून पक्का बसतो.

ओळखायचं कसं? ॲसिडवाल्या क्लीनरचे चार थेंब कोरड्या थरावर टाका. बारीक बुडबुडे येऊन फसफसलं तर चुना, ॲसिड काम करणार. काहीच झालं नाही आणि हात लावला तर बुळबुळीत लागलं, काळं किंवा गुलाबी असेल, तर ती बुरशी नाहीतर शेवाळासारखी जंतूंची साय, तिथे ब्लीच चांगलं चालतं. रिमच्या खाली बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं, खाली चुना आणि वर साय, म्हणून लोक गोंधळतात.

बाटलीवर पुढे काय लिहिलंय त्यापेक्षा मागे बारीक अक्षरात बघा. हायड्रोक्लोरिक ॲसिड असेल, साधारण १० टक्के, तर ते ॲसिडवालं. सोडियम हायपोक्लोराइट असेल तर ब्लीच. दोन्हींच्या बाटल्या वाकड्या मानेच्याच असतात, सारख्याच दिसतात, आणि गडबड इथेच होते. सुटं ॲसिड, पांढऱ्या कॅनमधलं, दारावर विकायला येतं ना, ते मात्र घेऊ नका. २०१३ पासून सुप्रीम कोर्टाने खुल्या विक्रीवर बंधनं घातलीत तो भाग वेगळा, पण त्याची तीव्रता किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि त्याच्या वाफेने नळांचं क्रोम पार खाल्लं जातं.

आता मिसळायचं का नाही. ॲसिड आणि हायपो भेटले की क्लोरीन वायू सुटतो. तुमच्याच टॉयलेटचा हिशोब करू. ४ बाय ३ आणि उंची ८ फूट, म्हणजे आत जेमतेम २७०० लिटर हवा. तुम्ही ४ टक्क्यांचं ब्लीच फक्त ५० मिली टाकलंत, म्हणजे चहाच्या छोट्या कपाइतकं, त्यात हायपो निघतं २ ग्रॅम. पुरेसं ॲसिड भेटलं तर त्यातून साधारण अर्धा ते पाऊण लिटर क्लोरीन तयार होऊ शकतो. सगळा बाहेर येत नाही, बराच पाण्यात राहतो, धरून चला दहावा हिस्साच हवेत आला, तरी दहा लाख भागांत २० च्या वर जातो. जीवाला लगेच धोका मानतात ती पातळी १० आहे. शिवाय क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो खाली साचतो, तुमची खिडकी वर, आणि घासणारा माणूस उकिडवा बसलेला, तोंड भांड्याजवळ. म्हणजे वाईटात वाईट जागा.

आमच्याकडे झालंय हे. आत्याने सकाळी ॲसिडवालं टाकून ठेवलं, दारावरची बेल वाजली म्हणून विसरली, दुपारी आईने "अजून पिवळंच दिसतंय" म्हणून फ्लश न करता वरून ब्लीच ओतलं. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, ठसका थांबेना. नशीब की तिला बाहेर यायचं सुचलं. असं झालं तर बाहेर पडायचं, दार उघडं सोडून गॅलरीत जायचं, आणि परत आत पाणी टाकायला किंवा सोडा टाकायला जायचं नाही, वास पूर्ण जाऊ द्यायचा. खोकला नाहीतर छातीत दुखणं थांबत नसेल तर सरळ दवाखाना, कारण फुफ्फुसाचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो.

तुमच्यासाठी पद्धत अशी. आधी दोन-तीनदा फ्लश करा, परवाचं ब्लीच कुठे राहिलं असेल तर जाऊ दे. मग ब्रशने भांड्यातलं पाणी दाबून दाबून पुढे ढकला, पाणी खाली गेलं पाहिजे, नाहीतर ॲसिड पाण्यातच पातळ होतं आणि थर तसाच. लोक बाटली अर्धी ओततात आणि ही एक गोष्ट करत नाहीत. हातमोजे घाला, चष्मा असेल तर तो, दार उघडं ठेवा. थरावर कडेने सोडा आणि बाहेर या. २० मिनिटं. मग ब्रश, मग फ्लश. जुना थर एका वेळी निघत नाही, वरचा पापुद्रा जातो, मग दुसऱ्या दिवशी परत. रात्रभर ठेवू नका, फसफसणं थांबलं म्हणजे तिथलं ॲसिड खर्ची पडलं, पुढे ठेवून काही मिळत नाही. माझ्या आधीच्या भाड्याच्या घरात ४ वेळा करावं लागलं होतं, तिसऱ्या वेळी थर नखाने सुटायला लागला.

खाली फरशी शहाबादी किंवा कोटा असेल तर एक थेंबही सांडू देऊ नका, तो दगडच चुनखडीचा, थराबरोबर तोही फसफसतो, खडबडीत पांढरा डाग कायमचा राहतो आणि मालक डिपॉझिटमधून कापतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. टाइल्सच्या फटीतलं सिमेंटही ॲसिड तसंच खातं.

नंतर रिमखालच्या सायीसाठी ब्लीच वापरायचंच असेल तर वेगळ्या दिवशी, मधे चांगलं फ्लश झाल्यावर. त्याआधी लघवीही फ्लश केलेली हवी, तिच्यातल्या अमोनियाने पण डोळे झोंबणारा वायू सुटतो. आणि ब्लीचच्या बाटलीवरची तारीख बघून घ्या, हायपो उन्हात आणि गरमीत उतरतं, गॅलरीत एप्रिल-मे काढलेली बाटली म्हणजे निम्मं पाणीच समजा.