‘प्रोसेसमध्ये आहे’ याऐवजी काय सांगायचं?

‘मी ऐरोलीतल्या एका कंपनीत रिक्रूटर आहे. सिलेक्ट झालेल्या एका उमेदवाराला मी शुक्रवारपर्यंत ऑफर लेटर देते असं सांगितलं होतं. त्याला आता आठवडा होत आला, अप्रूव्हल आत अडकलंय. त्याचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. नवी तारीख दिली आणि तीही चुकली तर? आणि खरं सांगितलं तर तो दुसरीकडे जाईल ना?’

ती गुरुवारी ऑफिस सुटल्यावर ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आली आणि तिथून चालत नौपाड्यात माझ्याकडे. बसल्या बसल्या तिने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. त्या मुलाचे दिवसभरात तीन मिस्ड कॉल होते. सोमवारी, 10 तारखेला त्याने विचारलं तेव्हा ती ‘आज-उद्यात होईल’ म्हणाली होती. त्यानंतर तिने त्याचा फोनच उचलला नव्हता.

मी तिला विचारलं, ‘अप्रूव्हल या क्षणी नेमकं कुणाकडे आहे?’

ती थांबली. म्हणाली, ‘फायनान्सकडे असेल बहुतेक.’

समुपदेशनात येण्याआधी मी अकरा वर्षं भरतीचंच काम केलंय, त्यामुळे हे ‘बहुतेक’ मला चांगलं ओळखीचं आहे. आपल्यालाच माहीत नसतं म्हणून आपण ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतो, आणि समोरचा पुढचा प्रश्न विचारेल या भीतीने फोन टाळतो. तिच्या पोटातला गोळा वाईट बातमी द्यायची म्हणून येत नव्हता. द्यायला तिच्याकडे बातमीच नव्हती. म्हणून त्या संध्याकाळी मी फोनवर कसं बोलायचं हा विषय काढला नाही. तिला एवढंच सांगितलं, की उद्या सकाळी सिस्टीममध्ये ती ऑफर उघड, कुणाची सही झाली आणि कुणाची राहिली ते कागदावर लिहून काढ, आणि ज्याच्याकडे अडकलंय त्याला मेल न करता फोन कर.

एक गोष्ट मात्र आधी तपासायला लावली. सही बाकी आहे, की ती जागाच पुन्हा विचारात घेतली जातेय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण स्क्रीनवर दोन्हीकडे ‘पेंडिंग’च असतं. पहिल्यात उशीर असतो, तारीख काढता येते. दुसऱ्यात भरती थांबलेली असते किंवा बजेट काढून घेतलेलं असतं, आणि तिथे कुठलीही तारीख दिली तरी ती खोटीच. हे ओळखायचं असेल तर फायनान्सच्या माणसाला सरळ विचारावं: ‘ही पोझिशन अजून मंजूर आहे ना?’ ‘हो, पण नोट हवी’ असं उत्तर आलं तर उशीर आहे. ‘जरा थांबा, वरून कळवतो’ असं आलं तर सावध व्हावं, आणि उमेदवाराला तारखेऐवजी एवढंच सांगावं की जागेचा फेरविचार चाललाय, तुमचे दुसरे पर्याय सोडू नका.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी, मी नोकरीत असलेल्या एका कंपनीत, मी एका मुलाला म्हणाले होते, ‘काळजी करू नका, लेटर येतंय.’ त्या वाक्यावर भरवसा ठेवून त्याने राजीनामा दिला. दहा दिवसांनी ती जागाच रद्द झाली. तो चार महिने घरी होता. मी खोटं बोलले नव्हते. विचारलं नव्हतं, एवढंच.

शुक्रवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता. जागा मंजूर होती. पण फाइल फायनान्सकडे पोचलीच नव्हती. उमेदवाराचं ठरलेलं फिक्स्ड 14 लाख होतं आणि त्या पदाच्या पगाराच्या बँडची वरची मर्यादा 13 लाख. बँडच्या वर जायचं तर हायरिंग मॅनेजरने कारण लिहून द्यावं लागतं. कॉम्पेन्सेशन टीमने मंगळवारीच फाइल त्याच्याकडे परत पाठवली होती आणि तो मेल त्याने उघडलाच नव्हता. म्हणजे चार दिवस ती ऑफर कुणाच्याच टेबलावर नव्हती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहत होता. तिने मॅनेजरच्या शेजारी बसून चार ओळींची नोट लिहून घेतली आणि फाइल पुढे ढकलली. आता फायनान्स आणि त्यानंतर बेंगळुरूचे बिझनेस हेड, अशा दोन सह्या राहिल्या होत्या.

‘मग बुधवार, 19 सांगू?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, मागच्या पाच ऑफर काढ आणि प्रत्येक टेबलावर किती कामाचे दिवस गेले ते बघ. फायनान्सचे निघाले 2, 2, 3, 3 आणि 5. हेडचे 1, 1, 2, 2 आणि 4. सरासरी काढली तर दोन्ही मिळून पाच दिवस होतात, आणि घाईत आपण याच हिशेबावर जातो. पण 5 आणि 4 हे आकडे एकाच ऑफरचे होते, आणि त्या पाचांत बँडच्या वर गेलेली तीच एक होती. आपली ऑफर तिच्या जातीची. तेव्हा मोजायचं तेही तिच्याच मापाने. सोमवार 17 पासून फायनान्सचे पाच दिवस म्हणजे 21, शनिवार-रविवार सोडून हेडचे चार म्हणजे 27, लेटर तयार करून पाठवायला एक दिवस. शुक्रवार, 28. मध्ये कुणाची रजा, सुट्टी किंवा महिनाअखेरचं क्लोजिंग येत असेल तर तेही धरायचं. फायनान्सला तिने विचारलं, क्लोजिंग 28 नंतर सुरू होणार होतं.

तारीख ऐकून ती घाबरली. तिच्या सीनियरचं म्हणणं होतं की इतकी लांबची तारीख सांगितली तर मुलगा पळेल. ही भीती मला खोटी वाटत नाही, काही जण जातातही. पण जाणारा माणूस 28 ऐकून जाण्याआधी तीन न उचललेल्या फोननंतर जातो. शिवाय 19 सांगून 19 चुकली, की तिसऱ्या तारखेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

तिचा खरा प्रश्न, ‘तीही चुकली तर’, अजून शिल्लक होता. त्यावर माझं उत्तर असं, की दोन वेगळ्या तारखा द्याव्यात. एक लेटरची. ती दुसऱ्यांच्या सह्यांवर अवलंबून आहे, म्हणून ती अंदाज म्हणूनच सांगायची. दुसरी आपल्या फोनची. ती पूर्ण आपल्या हातात असते, आणि काही घडलेलं नसलं तरी पाळायची. लेटरची तारीख एकदा पुढे गेली तर माणूस समजून घेतो. ‘कळवते’ म्हणून न कळवलेलं मात्र त्याच्या लक्षात राहतं.

फोन तिने त्याच दिवशी साडेतीनला केला. शुक्रवारी संध्याकाळी सातला अशी बातमी देऊ नये असं मी तिला सांगितलं होतं. ऑफिसं बंद होतात, आणि ऐकणाऱ्याला दोन दिवस कुणाला काही विचारता येत नाही. ती जे बोलली ते साधारण असं:

‘सर, आधी सॉरी. मी 7 तारीख सांगितली होती आणि या आठवड्यात तुमचे फोनही घेतले नाहीत, ते चुकलं. तुमची निवड कायम आहे, पोझिशन मंजूर आहे. पण तुमचा पगार आमच्या ठरलेल्या बँडच्या वर जातो, म्हणून अप्रूव्हलला जास्त वेळ लागतोय आणि दोन सह्या अजून बाकी आहेत. आमच्या आधीच्या अनुभवावरून लेटर 28 तारखेपर्यंत येईल. आधी आलं तर चांगलंच, पण तुम्ही 28 धरून चाला. आकडा अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे तो मी लेखी देऊ शकत नाही. मी तुम्हाला 19 ला आणि 24 ला संध्याकाळी पाचच्या आत फोन करेन, काही हललं नसलं तरी. लेटर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका. आणि तुमच्याकडे दुसरीकडची काही तारीख असेल तर मला सांगाल का?’

आत कुणाकडे काय अडलं, मॅनेजरने मेल पाहिला नाही, यातलं काही तिने सांगितलं नाही. ते उमेदवाराला कळायची गरज नसते. कारणाचा प्रकार मात्र सांगावा लागतो, कारण इथे पगाराचा आकडाच बदलण्याची शक्यता होती.

शेवटच्या प्रश्नाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. तो मुलगा कळव्याला राहणारा. पुण्याच्या एका कंपनीची ऑफर त्याच्या हातात होती आणि तिला सोमवार, 17 पर्यंत होकार द्यायचा होता. 28 ही तारीख कळल्यामुळे तो त्यांच्याशी नीट बोलू शकला. त्यांनी त्याला 26 पर्यंत मुदत दिली, त्यापुढे नाही. नुसतं ‘लवकरच’ ऐकलं असतं तर त्याने त्यांच्याकडे किती दिवस मागायचे होते?

19 ला ती ठरल्याप्रमाणे बोलली, आणि नेमकी बातमी अवघड होती. फायनान्सने 14 लाख फिक्स्डला नकार देऊन 13 लाख फिक्स्ड आणि 1 लाख जॉइनिंग बोनस सुचवला होता. बोनसला अट अशी, की वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. तिला वाटलं होतं, लेटरमध्येच दिसेल ते, आत्ता कशाला सांगायचं. मी म्हटलं, आत्ताच. हेडची सही बाकी आहे हेही सांग. पहिल्या वर्षी हातात येणारे पैसे तेवढेच असले तरी दुसऱ्या वर्षी ते लाखाने कमी होतात, आणि घराचा हप्ता भरणारा माणूस हा हिशेब करणारच. त्याने एक दिवस मागितला, घरी बोलला आणि 20 ला हो म्हणाला.

24 ला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. हेडची सही झालेली नव्हती. तिने चार वाजता फोन करून तेवढंच सांगितलं. मग पुण्याची 26 ही तारीख घेऊन ती मॅनेजरकडे गेली. ‘अर्जंट आहे’ या शब्दाने वर काही हलत नाही, कारण तिथे सगळंच अर्जंट असतं. खरी तारीख दाखवल्यावर मॅनेजरने स्वतः बेंगळुरूला फोन लावला. 25 ला संध्याकाळी सही झाली.

बुधवारी सकाळी लेटरचा मसुदा तिने मला वाचून दाखवला, तेव्हा एक गोष्ट निसटलेली सापडली. जॉइनिंगची तारीख जुनीच होती, तो 10 तारखेला राजीनामा देईल असं धरून मोजलेली. त्याची नोटीस 60 दिवसांची. उशीर कंपनीचा आणि नोटीसचे सोळा दिवस त्याने विकत घ्यायचे, असं झालं असतं. मॅनेजरशी बोलून तिने तारीख पुढे घेतली आणि साडेअकराला लेटर मेल केलं.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला. या वेळी तिने पहिल्याच रिंगला उचलला. तो विचारत होता, आज राजीनामा टाकू का?

‘आधी पीडीएफ उघडा,’ ती म्हणाली. ‘फिक्स्ड, बोनसची अट आणि जॉइनिंगची तारीख माझ्यासमोर वाचा. सही करून मला परत पाठवा. ते मला मिळालं असं मी मेलवर लिहीन, मग टाका.’