वडिलांना टीव्हीवर अक्षरं वाचता यावीत म्हणून

प्रश्न: वडील खानापूरला असतात, कानाला कमी ऐकू येतं. टीव्हीवर यूट्यूब बघताना खाली अक्षरं कशी आणायची आणि मोठी कशी करायची?

उत्तर: व्हिडिओ चालू करून रिमोटनं पॉज करा. पडद्यावर CC असं बटण दिसेल, त्यावर ओके दाबा आणि भाषा निवडा. तिथंच Caption style मध्ये अक्षरांचा आकार, रंग आणि मागची पट्टी बदलता येते. काही टीव्हींवर हे गिअरच्या चिन्हाखाली असतं.

आकार ठरवताना सगळ्यात मोठा घेऊ नका. आमच्या निपाणीच्या मामांना मी आधी मोठ्यातला मोठा लावून दिला, तर एक वाक्य तीन ओळींत गेलं आणि बोलणाऱ्याचं तोंडच झाकलं. ज्यांना कमी ऐकू येतं ते ओठांकडेही बघत असतात, म्हणून तोंड मोकळं राहायलाच हवं. १५० टक्क्यांपासून सुरू करा, वडील जिथं बसतात तिथूनच वाचून बघा, कमी पडलं तर २०० करा. टीव्हीजवळ उभं राहून ठरवलेला आकार खुर्चीवरून हमखास लहान वाटतो.

रंग पिवळा किंवा पांढरा ठेवा, पण खरा फरक पडतो तो मागच्या पट्टीनं. पट्टी नसली की पांढरा सदरा किंवा धोतर आलं की पांढरी अक्षरं त्यात विरून जातात, आणि देवनागरीत आधी मात्रा-वेलांट्या दिसेनाशा होतात. Background काळा आणि त्याची अपारदर्शकता ७५ टक्के ठेवा. मागचं चित्र थोडं दिसतं आणि अक्षरंही उठून दिसतात. मामांना पिवळी अक्षरं आणि काळी पट्टी सगळ्यात बरी पडली.

आकार पुरेसा असूनही ओळ संपायच्या आत अक्षरं जात असतील तर आकार आणखी वाढवून उपयोग नाही. तेव्हा Playback speed ०.७५ करा, वाचायला वेळ मिळतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. कीर्तन किंवा बातमी मराठीत असली तरी तिला अक्षरं जोडलेली नसतील तर CC चालतच नाही. तो दोष टीव्हीचा नव्हे. कन्नड व्हिडिओला कन्नड अक्षरं असतील आणि वडिलांना देवनागरीच वाचता येत असेल, तर संगणकावर सबटायटलच्या यादीत Auto-translate मधून मराठी निवडता येतं. भाषांतर कच्चं असतं, नावं तर हमखास चुकतात, पण विषय कळतो.

आणि चित्रातच छापलेली अक्षरं असतील तर त्यांचा आकार-रंग कुठल्याच सेटिंगनं बदलत नाही. ओळखायचं कसं? CC बंद करूनही ती दिसत राहिली, तर ती छापलेली. अशा वेळी CC बंदच ठेवा, नाहीतर दोन्ही अक्षरं एकमेकांवर येतात आणि काहीच वाचता येत नाही.