घरी सुटणारं गणित पेपरात अडलं, तर पहिली दोन मिनिटं काय करायचं?

प्रश्न: "मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम. घरी सगळी गणितं सुटतात. पण पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी १६ पडले. म्हणाली, दुसऱ्या प्रश्नात x² + 6x + 3 = 0 चे अवयवच पडेनात, मग हात थरथरायला लागले आणि पुढचं वाचूनही कळेना. चौथ्या प्रश्नापर्यंत पोहोचलीच नाही. बोर्डाला महिनाच राहिलाय. काय करू?"

ताई, आधी एक खात्री करून घ्या. येत्या रविवारी तिला पूर्वपरीक्षेचाच पेपर घरी पुन्हा सोडवायला द्या. घड्याळ नको आणि गाईडही नको, वहीसुद्धा बंद. हवा तेवढा वेळ घेऊ दे. तीसच्या आसपास किंवा वर गेली, तर गणित तिला येतं आणि अडचण परीक्षेच्या दोन तासांत आहे. तरीही अठरा-वीसवरच राहिली, तर "घरी सुटतं" याचा अर्थ सोडवलेलं उदाहरण शेजारी उघडं असताना सुटतं, एवढाच आहे. मग आधी तीन-चार प्रकरणं पक्की करावी लागतील आणि मी खाली लिहितेय त्याचा उपयोग त्यानंतर होईल. मी सोलापुरात बरीच वर्षं दहावीला गणित शिकवते. ही तपासणी न करता मुलीला "घाबरू नकोस" सांगत बसलेले पालक दरवर्षी भेटतात, त्यात पूर्वपरीक्षेनंतरचा मोलाचा महिना निघून जातो.

आता ती घरी तीसवर गेली असं धरून पुढचं सांगते.

तिचं नेमकं काय झालं ते समजून घ्या. गणित करताना मधले आकडे, चिन्हं, "आता पुढे काय" हे सगळं आपण थोडा वेळ मनात धरून ठेवतो. ही जागा मुळात लहान असते. "मला येत नाहीये, वेळ चाललाय, आई काय म्हणेल" हे विचार त्याच जागेत येऊन बसतात आणि गणिताला जागा उरत नाही. म्हणून पुढचा सोपा प्रश्न वाचूनही तिला कळला नाही. ती विसरली नव्हती. त्यामुळे तिला दोन गोष्टी शिकवायच्या: मनावरचा भार कागदावर उतरवणं, आणि अडलेल्या गणितातून वेळेत बाहेर पडणं.

तिचंच समीकरण घेऊ. x² + 6x + 3 = 0 मध्ये अवयव हवेत, तर गुणाकार 3 आणि बेरीज 6 येणारे दोन पूर्णांक लागतात. गुणाकार 3 येणाऱ्या जोड्या दोनच: 1 आणि 3, किंवा −1 आणि −3. बेरीज 4 किंवा −4 येते, 6 येत नाही. म्हणजे इथे अवयव पडणारच नव्हते आणि हे कळायला अर्धं मिनिट पुरतं. ती अडली ती चुकीच्या दारावर धडका देत राहिल्यामुळे. अशा वेळी हात पुढच्या पायरीवर आपोआप जायला हवा: a = 1, b = 6, c = 3 असं लिहायचं, मग b² − 4ac = 36 − 12 = 24. 24 हा पूर्ण वर्ग नाही, म्हणजे सूत्रच वापरायचं. उत्तर x = −3 + √6 किंवा x = −3 − √6. समजा 24 नंतर काहीच सुचलं नाही, तरी a, b, c च्या किमती आणि b² − 4ac कागदावर आलेलं असतं. बोर्डात गुण पायऱ्यांना मिळतात, त्यामुळे तेवढं लिहिणंही वाया जात नाही. आणि प्रश्नात "सूत्राचा वापर करून" किंवा "अवयव पद्धतीने" असं लिहिलंय का, ते आधी बघायची सवय लावा. घाईत मुलं समीकरण वाचतात आणि त्याआधीची ओळ सोडून देतात.

पण असं कुठल्याही गणितात होऊ शकतं, म्हणून एक ठरलेली कृती हवी. अडल्याची खूण तिने स्वतः ओळखायची: तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली, किंवा तीच पायरी लिहून दुसऱ्यांदा खोडली, की अडलं असं समजायचं. मग पेन खाली ठेवायचं आणि दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे. श्वास घेताना मनात तीनपर्यंत मोजायचं, सोडताना सहापर्यंत. असं तीनदा. अर्धं मिनिट जातं. सोडलेला श्वास लांबला की धडधड थोडी कमी होते, आणि मोजण्यात मन गुंतल्यामुळे काळजीला तेवढा वेळ जागा मिळत नाही. मग पेन उचलून फक्त "दिलेले" आणि "काढायचे" अशा दोन ओळी लिहायच्या. हे प्रश्नातूनच उतरवायचं असतं, आठवावं लागत नाही, म्हणून हात चालू होतो. त्यानंतर मिनिटभरात पुढची पायरी सुचली तर ठीक. नाही सुचली, तर अर्धं पान मोकळं सोडायचं, कच्च्या कामात त्या प्रश्नाचा क्रमांक टिपायचा आणि पुढे जायचं. सगळं मिळून दोन मिनिटं.

"पुढे जायचं" हे म्हणणं सोपं आहे, पण मुलांना ते हरल्यासारखं वाटतं. त्यासाठी तिला पेपरचा हिशेब दाखवा. सध्याच्या आराखड्यात बीजगणिताच्या पेपरात सगळे पर्याय धरून ६० गुणांचे प्रश्न छापलेले असतात, सोडवायचे असतात ४० गुणांचे. प्रश्न २ ब मध्ये पाचपैकी चार, ३ ब मध्ये चारपैकी दोन, ४ मध्ये तीनपैकी दोन. तिचं समीकरण २ ब मधलंच असणार. तिथे एक गणित सोडायची मुभा पेपरनेच दिलेली होती आणि तिने तेच धरून ठेवलं. हे तिला समोर बसवून, पेपर हातात देऊन दाखवा. नुसतं सांगून पटत नाही.

वेळेचं म्हणाल तर गुणांमागे तीन मिनिटं हा हिशेब बरोबर आहे, पण घाबरणाऱ्या मुलीला तो देऊ नका. ती प्रत्येक गणिताला घड्याळ बघेल आणि दर वेळी लक्ष तुटेल. तिला तीनच थांबे द्या. पेपर अकराचा. पहिली पाच मिनिटं वाचन. मग प्रश्न १ पूर्ण आणि लगेच दोन्ही कृती, म्हणजे २ अ आणि ३ अ. हा क्रम मी मुद्दाम देते. कृतीत पुढची पायरी छापलेलीच असते, रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. त्यामुळे मन बिथरलेलं असलं तरी हात थांबत नाही, आणि साडेअकरापर्यंत १५ गुणांचं लिहून झालेलं असतं. उत्तरपत्रिकेत उपप्रश्नाचे क्रमांक मात्र ठळक लिहायचे आणि ३ अ खाली ३ ब साठी जागा ठेवायची. दुसरा थांबा अकरा पंचावन्न, तोवर २ ब. तिसरा सव्वाबारा, तोवर ३ ब. इथे एकूण २९ गुणांचं झालं. उरलेल्या पाऊण तासात प्रश्न ४, मग प्रश्न ५, आणि शेवटी मोकळी सोडलेली अर्धी पानं. थांब्याची वेळ झाली आणि काही राहिलं असेल, तर ते राहू द्यायचं आणि पुढच्या गटाकडे जायचं. अलीकडे शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, ती या हिशेबात धरू नका.

मनगटावर साधं काट्यांचं घड्याळ असू दे. वर्गात भिंतीवर घड्याळ असेलच असं नाही, आणि मधल्या घंटेने अशी मुलं दचकतात. आपल्या वेळा स्वतःच्या हाताशी असल्या की घंटेकडे लक्ष देण्याचं कारण उरत नाही.

हे सगळं परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर उपयोग शून्य. म्हणून अडकण्याचाच सराव द्यायचा. रविवारी सकाळी अकराला, टेबल-खुर्चीवर बसवून, फक्त प्रश्न २ ब चा संच, वेळ पंचवीस मिनिटं. त्यातलं एक गणित तुम्ही तिच्या सरांकडून किंवा बाईंकडून मुद्दाम असं घ्या, की ते तिला सुटणार नाही. कोणतं ते तिला सांगू नका. तुम्ही शेजारी बसून फक्त घड्याळ बघा: ती त्या गणितापाशी कधी आली आणि कधी सोडून पुढे गेली. पहिल्या वेळी सात-आठ मिनिटं लागतील. तीन-चार आठवड्यांत ते दोन-अडीचवर आलं, की समजा कृती अंगवळणी पडली. गुण वाढलेत का, हे त्या महिन्यात मोजू नका. ही एकच वेळ मोजा. आणि खोली अगदी शांत करायचा अट्टहास नको. अशोक चौकाकडच्या माझ्या मुलांच्या घरांत दिवसभर मागांची खडखड असते. त्या आवाजात ज्यांनी घड्याळ लावून सराव केला, त्यांना परीक्षेच्या हॉलमधल्या खाकरण्याचा किंवा पुरवणी मागण्याचा त्रास होत नाही, असं मी पाहिलंय.

पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढावी, असंही तुमच्या वाचनात येईल. २०११ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात त्याचा चांगला परिणाम दिसला होता. पुढे २०१८ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा तो परिणाम आला नाही. तिला लिहायला आवडत असेल तर लिहू दे, अपाय काही नाही. पण त्यावर भिस्त ठेवू नका.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. पेपरच्या विचारानेच रोज उलटी होणं, आठ-दहा दिवस झोप न लागणं, शाळेलाच जायचं नाही म्हणणं, किंवा जगण्याबद्दल निराशेचं बोलणं, यातलं काही असेल तर हे घड्याळाचं काम नाही. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. निराशेचं बोलणं असेल तर त्याच दिवशी करा. इतर बाबतीतही परीक्षा होईपर्यंत थांबू नका.

बीजगणिताचा पेपर देऊन ती घरी आली, की "किती सुटले?" हे घरात कुणीही विचारायचं नाही, आजीनेही नाही. उत्तरं जुळवत बसायचं नाही. त्यानंतर भूमिती असते, आणि एका चुकलेल्या चिन्हाची चर्चा ती थेट त्या पेपरात घेऊन जाते. जेवण, थोडी झोप, आणि संध्याकाळी भूमितीच्या दोन रचना कंपास घेऊन प्रत्यक्ष काढायला लावा. हात चालू राहील असं काम त्या दिवशी वाचनापेक्षा बरं. भूमितीतही गुणांचे गट बीजगणितासारखेच आहेत, त्यामुळे तीन थांबे तेच ठेवा. फक्त सिद्धतेत अडली तर "दिलेले" आणि "काढायचे" ऐवजी "पक्ष", "साध्य" आणि आकृती, एवढं आधी उतरवून घ्यायला सांगा.